टाळी वाजली म्हणजे कान तपासले

आमच्या ठमीचे कान कसे तपासत होते, सांगू? वॉर्डातला तरुण डॉक्टर तिच्या पाठीमागे जायचा, एक टाळी वाजवायचा, ठमी मान वळवायची आणि हा म्हणायचा, "कान ठणठणीत." अहो, टाळीने तर भिंतीवरची पालसुद्धा वळते.

ठमी माझी भाची, माझ्या धाकट्या भावाची मुलगी. चार वर्षांची. यकृतात गाठ निघाली म्हणून शिरेतून केमो चालू होती. वहिनी घरी तान्ह्या बाळापाशी, भाऊ कामावर, म्हणून तिच्या खाटेशेजारी मी, आत्या. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे औषध कानांना लागू शकतं, आधी मशीनवर ऐकणं मोजून घ्यायचं आणि मग प्रत्येक डोसाआधी. सांगितलं खरं. पण तेव्हा ठमी झोपली होती, ती उठली तोवर तपासणीची खोली बंद झाली होती, आणि औषध तर लावायचंच होतं. पुढच्या वेळी बघू म्हणाले. पुढच्या वेळी टाळी आली आणि मग टाळीच राहिली. मध्ये ताप चढला तेव्हा अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली, तीही कानांना घातक असतात हे मला फार उशिरा कळलं.

मला शंका आली ती थर्मामीटरवरून. काखेतला थर्मामीटर टीं-टीं वाजला की ठमी "झालं!" म्हणून ओरडायची आणि स्वतःच काढून नर्सच्या हातात द्यायची. हे काम तिचं, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. त्या दिवशी थर्मामीटर वाजून गप्प झाला तरी आमच्या ठमीबाई काख घट्ट दाबून बसलेल्या.

"ठमे, वाजलं की गं."

"नाही वाजलं," ती म्हणाली. माझं बोलणं तिला नीट ऐकू आलं होतं.

ती चित्र रंगवत बसल्यावर मी थर्मामीटर माझ्या काखेत धरला आणि तिच्या मागे उभी राहिले. वाजला. ठमीचा खडू थांबला नाही. मग मी टाळी वाजवली, तशी लगेच वळून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोसाची पिशवी आली, तेव्हा मी खाट अडवून उभी राहिले. "आधी कान मोजा."

भाऊ डोसापुरता आला होता. तो माझी बाही ओढत पुटपुटला, "ताई, तमाशा नको. हे लोक नाराज झाले तर पोरीचं काय?"

"होऊ देत नाराज. तू खाली जाऊन चहा पिऊन ये."

तरुण डॉक्टर मला समजावू लागला. "अहो बाई, जीव महत्त्वाचा की कान?"

माझं डोकंच फिरलं. "दोन्ही तिचेच आहेत. औषध बंद करा म्हटलं का मी? लावण्याआधी मोजा म्हणतेय. पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलेलं तुम्हाला परत सांगतेय."

आवाज ऐकून मोठे डॉक्टर आले. मी त्यांच्यासमोर पुन्हा थर्मामीटर वाजवून दाखवला. त्यांनी तरुण डॉक्टरला विचारलं, "हिची पहिली तपासणी कुठंय?" पिशवी परत गेली.

कान तपासणाऱ्या बाईंनी ठमीला हेडफोन लावले, हातात मणी दिले. आवाज आला की मणी डब्यात टाकायचा. जाड आवाजांना मणी पटापट पडले. आवाज बारीक होत गेले तसा ठमीचा हात हवेतच राहिला. ती आमच्याकडे बघून गोड हसत होती, आणि मला तिकडे बघवेना.

"आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज जातात," बाई म्हणाल्या. "बोलणं कळतं, टाळी कळते, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. गेलेलं परत येत नाही. स, श असले आवाज आता तिला नीट पोचायचे नाहीत. कानाला ऐकायचं मशीन लावावं लागेल. उपचार संपल्यावरही तपासत राहायचं, पुढेही कमी होऊ शकतं." मग त्याही चिडल्या. "सुरुवातीला आणलं असतं तर पहिली घसरण तेव्हाच दिसली असती."

मोठ्या डॉक्टरांनी बाकीच्यांशी बोलून औषध बदललं, कानांना कमी त्रास देणारं दिलं. गाठीवर तेही चालेल, असं सगळ्यांचं मत पडलं. आता मोजल्याशिवाय पिशवी लागत नाही. भाऊ म्हणाला, "ताई, वेळेवर लक्षात आलं तुझ्या."

कसलं वेळेवर? वेळ होती पहिल्या पिशवीच्या आधी. झोपलेल्या पोरीला उठवायला किंवा एका खोलीची किल्ली आणायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यासाठी हिचे आवाज गेले. आणि याला कोणी चूक म्हणायलाही तयार नाही, राहून गेलं म्हणतात.

परवा वॉर्डात नवी नर्स आली. तिने ठमीच्या काखेत थर्मामीटर लावला. ठमी काख दाबून माझ्या तोंडाकडे बघत बसली, डोळ्यांची पापणी न हलवता. तो वाजला, तशी नकळत माझी मान हलली.

"झालं!" ठमी ओरडली आणि काढून दिला.

"हुशार आहे हो पोर," नर्स म्हणाली. "कान कसे तीक्ष्ण आहेत बघा."