चार नव

रंजिताची मुलाखत तीन वाजता होती आणि अडीचला तिला कळलं, की रेझ्युमेत तिनं न लिहिलेला आकडा आहे.

आंजी गावातल्या घरात माडीवरच्या खोलीत बसून ती दोन वर्षं एका कंपनीचे क्लाउडवरचे चारशे सर्व्हर सांभाळत होती. मार्चमध्ये कंपनीनं अख्खी टीमच काढून टाकली. आता ही घरून करायची नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर पुणं गाठायचं आणि आईला, छायाबाईंना, एकटं सोडायचं. छायाबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. पोरीच्या जिवाला घोर तोच होता.

आकडा होता अपटाइमचा, म्हणजे वर्षभरात सेवा किती वेळ चालू राहिली त्याचा. तिनं ९९.९५ टक्के लिहिला होता. कंपनीकडे गेलेल्या प्रतीत ९९.९९ होता, चारही नऊ. दिसायला फरक एवढासा, पण पहिल्यात वर्षाला चारेक तास बंद पडायला वाव असतो, दुसऱ्यात तासभरही नाही. आणि त्या वर्षी पेमेंटची सेवा सलग तीन तास झोपली होती.

बदल केला होता धनंजयनं. तिच्या जुन्या टीमचा हा प्रमुख जवळच्या आर्वीचा. रेझ्युमे त्यानंच नीट करून पाठवला होता आणि आज गाडी काढून मुद्दाम आला होता, नेट-बिट गेलं तर सांभाळतो म्हणून. एवढा मोठा माणूस आपल्यासाठी धावतो, याचं छायाबाईंना कोण कौतुक! त्यांनी पोहे केले.

"भाऊ, हे चार नव काऊन टाकले?" रंजितानं विचारलं.

"सगळेच टाकतेत. कोणी मोजून नाई राह्यलं," तो म्हणाला. "तू फक्त हो म्हणजो."

वेळ झाली. पडद्यावर रीता मॅडम आल्या, शांत आवाजाच्या. शांत आवाजाचीच माणसं जास्त खोल खणतात, हे रंजिताला ठाऊक होतं. आधी त्यांनी बचतीबद्दल विचारलं. रंजितानं सांगितलं, की टेस्टिंगचे सर्व्हर रात्री आपोआप बंद आणि सकाळी चालू करणारी स्क्रिप्ट तिनं लिहिली आणि क्लाउडचं बिल तिसऱ्या हिश्शानं उतरलं. हे शंभर टक्के खरं होतं. बोलता बोलता तिचा आवाज सुटला.

"छान. आणि त्या वर्षात सेवा सगळ्यात जास्त वेळ बंद कधी पडली?"

खोलीच्या कोपऱ्यात, कॅमेऱ्याच्या बाहेर, धनंजय ताठ झाला. त्यानं मान हलवली. नाही.

रंजितानं त्याच्याकडे एकदा पाहिलं. रीता मॅडम म्हणाल्या, "तुमच्याच टीममधल्या एकांना काल हेच विचारलं होतं. असं काही झालंच नाही म्हणाले. तुम्ही काय म्हणता?"

काल! म्हणजे धनंजयचीही इथंच मुलाखत झाली आणि हा चकार शब्द बोलला नाही. त्याच्या बोलण्याशी जुळावा म्हणूनच तिचा आकडा बदललेला. तोच पडदा गोठला. "लाईन गेली वाटते," धनंजय म्हणाला.

पण डोक्यावरचा पंखा फिरत होता. राउटरची पिन सॉकेटातून निघून त्याच्या हाताशीच लोंबत होती. पोहे खाऊन माणूस असं करतो.

मोबाईलचा हॉटस्पॉट तिनं सकाळीच चालू ठेवला होता. एक वाट बंद पडली तर दुसरी तयार हवी, ही या कामातली पहिलीच शिकवण. लॅपटॉपनं आपण होऊन तो धरला. रीता मॅडम परत आल्या.

"ऐकू येतंय? वीज गेली का तिकडे?"

"नाही मॅडम, वीज आहे," रंजिता म्हणाली. "आणि सेवा तीन तास बंद होती. दिवाळीच्या गर्दीत पेमेंटसाठी एक जादा सर्व्हर हातानं उभा केला होता, त्याला तो कशाचा हे सांगणारा टॅग लावला नव्हता. माझी स्क्रिप्ट टॅग नसलेलं सगळं टेस्टिंगचं समजायची. रात्री तिनं तो बंद केला. चूक माझीही होती. नंतर मी स्क्रिप्ट बदलली: टॅग नसेल तर हात लावायचा नाही, फक्त कळवायचं. खरा आकडा ९९.९५च्या जरा वर आहे. रेझ्युमेतला चुकीचा आहे आणि तो न वाचता मी जाऊ दिला."

"हातानं कोणी उभा केला होता?"

धनंजय भिंतीला टेकला. त्याचा चेहरा पाहून तिला वाईट वाटलं. काम त्यानंच शिकवलं होतं.

"टीमच्या प्रमुखांनी."

रीता मॅडमनी काहीतरी टिपलं. "दुरुस्त करून पाठवा. सोमवारी पुढची फेरी."

पडदा बंद झाला. धनंजयनं खाली वाकून राउटरची पिन पुन्हा लावली, जशी काही ती आत्ताच निसटली होती.

"मले फक्त एक डाव सांभाळून घेतलं असतं," तो म्हणाला.

"तेच तर केलं होतं भाऊ," रंजिता म्हणाली. "दिवाळीत तुमचं नाव म्याच रिपोर्टात टाकलं नव्हतं."

खालून छायाबाईंनी चहाला हाक मारली, तुम्ही होते म्हणून पोरीचं निभलं म्हणाल्या. तो चप्पल घालायला खाली उतरला.