सोळा इंचांची कॉलर

पडदे शिवणाऱ्यांच्या जगात एक इंच म्हणजे अडीच सेंटीमीटर. खरा आकडा दोन पॉइंट चोपन्न, हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या चोपन्नच्या वाटेला कोणी जात नसे. गिऱ्हाईक खिडकीचं माप इंचांत घेऊन यायचं, कापड सेंटीमीटरांत कापलं जायचं, आणि मधला हिशेब मशीनवर शिवायला बसलेली ती तोंडातल्या तोंडात अडीचने गुणून करून टाकायची. वर दुमडीसाठी पंधरा सेंटीमीटर धरले की चूकभूल त्या दुमडीत गडप. इतक्या वर्षांत तिच्या हातचा एकही पडदा आखूड पडला नव्हता.

म्हणून नवऱ्यासाठी शर्ट मागवायला ती मोबाइल घेऊन बसली, तेव्हा तिने तेच केलं. जुन्या शर्टाच्या कॉलरला आत पट्टी होती, त्यावर सोळा लिहिलेलं. साइटवर मात्र मापं सेंटीमीटरांत: अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस, अशी पुढे चढत गेलेली. सोळा गुणिले अडीच, चाळीस. बरोब्बर चाळीस! इतकं गोल उत्तर आल्यावर शंका तरी कशी येणार? तिने चाळीसवर बोट ठेवलं, पांढरा रंग निवडला आणि ऑर्डर टाकून मोकळी झाली.

बाजारात जाऊन अंगाला लावून शर्ट घ्यायचा, ही साधी गोष्ट त्या घरात साधी राहिली नव्हती. नवऱ्याची कंपनी बंद पडली आणि हा माणूस जो भिंतीकडे तोंड करून पडला, तो पडलाच. पहिले काही महिने अर्ज तरी करायचा. मग तेही सुटलं. दाढी वाढली, जेवण कमी झालं, कोणी भेटायला आलं की हा झोपेचं सोंग घ्यायचा. पूर्वी गोदामातल्या पन्नास माणसांना एका हाकेत कामाला लावणारा माणूस आता दूधवाल्याला दार उघडायला कां कूं करायचा. रोज कामावरून परतल्यावर ती आधी दाराला कान लावून आत हालचाल आहे का ऐकायची. नोकरी गेल्याचं दुःख तिने केव्हाच गिळलं होतं. नवरा हातचा जातोय, ही भीती मात्र गिळता येत नव्हती.

आणि अशात एक मुलाखत चालून आली. मोठं गोदाम, व्यवस्थापकाची जागा, त्याच्याच कामाची. जुन्या साहेबांनी शब्द टाकला होता. फक्त एक निरोप होता, "टायबिय लावून या, वरचे लोक कपड्यांच्या बाबतीत खडूस आहेत." तो "बघू" म्हणाला. त्याच्या तोंडून "नको"च्या जागी "बघू" आलं, यावरच ती हवेत तरंगत होती. जुने शर्ट पिवळे पडलेले, कॉलरी विरलेल्या. नवा शर्ट दाराशी आला म्हणजे हा उठेल, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं.

शर्ट आला. तो उठला, चक्क दाढी करून आरशासमोर उभा राहिला. खांदे बसले, बाह्या बसल्या. गळ्याचं बटण मात्र लागेना. तिने कॉलर दोन्ही हातांनी ओढली, तो लाल झाला, खोकला, आणि शर्ट काढून पलंगावर भिरकावून दिला.

"जाऊ दे गं. आपल्या नशिबातच नाही."

"अहो, शर्टाचं आणि नशिबाचं काय घेऊन बसलात? बदलून मागवू की!"

"नको. मी नाही जाणार." आणि परत भिंतीकडे तोंड.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिचं कशात लक्ष लागेना. गळ्यात मापाची टेप अडकवलेली, एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. तिने सहज सोळावर नख रोवलं आणि टेप उलटी केली. नखाखाली चाळीस नव्हतं. चाळीसच्या पुढे सहा बारीक रेघा, चाळीसपेक्षा एक्केचाळीसला जवळ. तिने कपाळावर हात मारून घेतला.

"काय झालं ताई?" कापड कापणाऱ्या मास्टरांनी विचारलं.

"मास्टर, मी नवऱ्याचा गळा अडीचने गुणला."

मास्टर आधी हसले, मग तिचा चेहरा बघून त्यांनी कात्री खाली ठेवली. "पडदा असता तर दुमडीत निभावलं असतं," ते म्हणाले. "कॉलरला कुठली दुमड? तिथे सोळाला एक्केचाळीसच घ्यायचं."

तिने तिथल्या तिथे एक्केचाळीस मागवला, तातडीचा. चूक आपली आहे म्हटल्यावर तिला उलट हुशारी आली. आपली चूक आपल्याला निस्तरता येते. घरी जाऊन तिने नवऱ्यापुढे कान पकडले. "चुकलं हो माझं. पडद्याचा हिशेब तुम्हाला लावला." तो किती महिन्यांनी हसला. "म्हणजे मला खिडकीवर टांगणार होतीस," म्हणाला. त्या एका थट्टेवर ती पुढचे दिवस काढत राहिली. रोज मोबाइलवर पार्सल कुठवर आलं बघायचं, आणि जीव टांगणीला लावून बसायचं.

पार्सल मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी आलं. त्याने शर्ट चढवला, मान वर केली. तिने बटण काजाशी नेलं. लागलं नाही. पोट आत घेतल्यासारखा त्याने श्वास आत घेतला, तरी बोटभर कमीच पडत होतं.

शर्ट काढून घेऊन ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने तो ओट्यावर पसरला. कॉलर सपाट करून टेप लावली, बटणाच्या मध्यापासून काजाच्या टोकापर्यंत. एक्केचाळीस. जुना पिवळा शर्ट आणून शेजारी मापला. साडेचाळीसच्या किंचित पुढे. म्हणजे नवा शर्ट जुन्यापेक्षा मोठाच होता, आणि जुना त्याच्या गळ्यात दोन बोटं सहज जातील असा सैल बसायचा. तिने पुन्हा मापलं. सोळा गुणिले दोन पॉइंट चोपन्न, कागदावर मांडलं, मोबाइलवर मांडलं. चाळीस पॉइंट चौसष्ट. पुन्हा मांडलं. आयुष्यात पहिल्यांदा ती देवाकडे हिशेबातली चूक मागत होती. काहीतरी चुकू दे, कुठेतरी चुकू दे.

कुठेच चुकलं नव्हतं.

"थांबा, नीट माप घेते," म्हणत ती बाहेर आली आणि टेप त्याच्या गळ्याभोवती फिरवली. बेचाळीस. ते तर नुसत्या गळ्याचं, कॉलरचा सैलपणा सोडून. आणि टेप सरळ करताना तिची बोटं जबड्याखाली, डाव्या बाजूला, कशाला तरी लागली. सुपारीएवढं, टणक. त्याच्या खाली आणखी एक.

"सुटलोय मी," तो म्हणाला. "घरी बसून बसून."

तिची नजर त्याच्या पट्ट्यावर गेली. त्याला तिने स्वतःच दाभणाने आत एक नवं भोक पाडून दिलं होतं, पँट घसरते म्हणून. हाताची हाडं वर आलेली. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे धावत होतं. सगळा माणूस आटत चालला होता आणि गळा तेवढा वाढला होता, आणि ती इतके दिवस त्याला मन लागत नाही म्हणून खात नाही, असं समजत आली होती. आपण एका घरात राहून काय बघत होतो, असं तिला झालं.

"पुन्हा चुकलीस ना?" त्याने विचारलं. विचारताना तो तिच्याकडे टक लावून बघत होता.

आता सांगितलं, तर उद्या हा जाणार नाही. पलंगावर पडेल आणि मग कोणाच्या बापाला उठायचा नाही. नाही सांगितलं, तर? एका दिवसाने काय होतंय, असं ती स्वतःला बजावत राहिली, आणि आपल्याच बजावण्यावर तिचा विश्वास बसेना.

"हो," ती म्हणाली. "चुकले. मी आहेच वेंधळी."

त्याने हळूच श्वास सोडला. "वाटलंच."

सकाळी तिने वरचं बटण उघडंच ठेवून टायची गाठ त्यावर घट्ट बसवली. कोणाला कळलं नसतं. तो निघाला, जिन्याच्या वळणावर थांबून त्याने हात केला. दार लावून ती दाराशीच मटकन बसली आणि पदर तोंडात कोंबून रडून घेतलं. मग तोंड धुऊन दवाखान्यात फोन केला. "गळ्याला गाठी आहेत, वजन उतरलंय," एवढं सांगितल्यावर पलीकडच्या बाईंनी कामाच्या गडबडीतला आवाज एकदम खाली आणला आणि आज संध्याकाळीच यायला सांगितलं.

तो दुपारी आला तो जिना दणाणवतच. "झालं! पुढच्या महिन्यापासून हजर व्हा म्हणाले!" टाय सैल करून त्याने तिचे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. हे बघायला ती किती तरसली होती. आणि आता बघवत नव्हतं.

"आता चांगले पाच-सहा शर्ट मागव. आणि बाईसाहेब, या वेळी हिशेब नीट करा."

ती हात सोडवून न घेता म्हणाली, "अहो, हिशेब बरोबर होता."

"म्हणजे?"

तिने त्याचाच हात उचलला आणि त्याची बोटं जबड्याखाली नेऊन ठेवली. त्याने हात मागे घेतला नाही. दचकलाही नाही. बोटं तिथेच राहिली, ओळखीच्या जागी ठेवल्यासारखी.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दाढी करताना लागायचं." तो खुर्चीत बसला. "गिळताना थोडं अडतंही. म्हटलं, असेल काहीतरी. मग पहिला शर्ट लागला नाही तेव्हा घाबरलो. तू म्हणालीस, अडीचने गुणलं, तेव्हा जिवात जीव आला. आणि काल... काल तू चुकले म्हणालीस ना, मला वाटलं, देव पावला."

ती त्याच्या पायाशी जमिनीवर बसली. दोघांपैकी कोणालाच रडू आवरलं नाही, आणि आवरावं असं कोणी म्हटलंही नाही.

"संध्याकाळची वेळ घेतलीय," ती डोळे पुसत म्हणाली. "मी आहे बरोबर. नोकरी पुढच्या महिन्यात आहे, तोवर बघू काय ते."

तो "बघू" म्हणाला. मग शर्ट बदलायला उठला.

"राहू दे," ती म्हणाली. "छान दिसतोय. असेच चला."

तिने टाय काढून घेतला, कॉलर सरळ केली. गळ्याचं बटण उघडंच होतं. तिने त्याला हात लावला नाही.