चिमण्यांचं पाणी

सोसायटीत दोघांना डेंग्यू झाल्यावर सेक्रेटरींनी लिफ्टशेजारी नोटीस लावली: 'कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचा ट्रे दर आठवड्याला रिकामे करून घासावेत. टाक्यांची झाकणं घट्ट लावावीत. ताप अंगावर काढू नये, डॉक्टरांना दाखवावं.' लोक लिफ्ट येईपर्यंत नोटीस वाचत आणि लिफ्ट आली की विसरत.

शेवटी सेक्रेटरी स्वतःच टॉर्च घेऊन घरोघरी निघाले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाल्कनीत चिमण्यांसाठी मातीचं पसरट भांडं होतं. त्यात अळ्या वळवळत होत्या.

"काकू, हे ओतावं लागेल."

"खबरदार! आमचे हे गेल्यापासून माझ्याकडे तेवढ्या चिमण्याच येतात. आणि मी रोज वरून पाणी घालते की."

"वरून घालून भागत नाही. अंडी कडेला चिकटून बसतात, घासल्याशिवाय निघत नाहीत."

"मग नोटिशीत तसं लिहायचं! तुम्ही ताटल्या लिहिल्यात. हे भांडं आहे."

"तेही लिहितो," म्हणत सेक्रेटरींनी भांडं उचललं. त्यांनी पाणी कुंडीतल्या कोरड्या मातीत ओतलं, काकूंनी भांडं खसाखसा घासून ताजं पाणी भरलं. खाली जाऊन सेक्रेटरींनी नोटिशीत पेनाने ओळ वाढवली: 'पक्ष्यांचं भांडं रोज घासून भरावं.'

रविवारी काकू घासणी घेऊन शेजाऱ्यांच्या बाल्कन्या तपासायला निघाल्या. सेक्रेटरींना 'नंतर या' म्हणणारी दारं त्यांच्यासाठी निमूट उघडली. सेक्रेटरी मागून टॉर्च धरून चालले होते.