कवळीसाठी सफरचंद

सासऱ्यांची नवी कवळी आठवडाभर पेल्यातच पोहत होती आणि सासरे पेजेवर वाळत चालले होते. डॉक्टरांनी सांगितलेलं, अशीच बाहेर राहिली तर हिरड्या बदलतील, मग ती बसायचीच नाही. सासऱ्यांचं एकच पालुपद, "कर्रकन वाजणारं सफरचंद आणा, मग घालतो."

सुनेनं तीनदा आणली. तिन्ही वेळा पीठ. एक तर इतकं जुनं होतं, की त्याला वाकून नमस्कारच करायचा राहिला. सासरे घासापुरती घातलेली कवळी काढून म्हणाले, "याला दात कशाला? चमचा दे."

आता ती चौथ्यांदा दुकानात उभी होती, डोकं तापलेलं. तिचा एक ठाम नियम होता. चकाकणाऱ्या सफरचंदावर नख ओढायचं, पांढरं मेण निघालं की परत ठेवायचं. फळवाल्यानं तर तिचं नावच 'नखवाली' पाडलं होतं.

"वहिनी, ओरखडे काढलेली कोण घेणार?"

"आणि तुमचं पीठ कोण खाणार? बिनमेणाची म्हणून नेली मी."

"सगळी ताजीच आहेत."

"मग कापा. चकचकीत आणि निस्तेज, दोन्हीतलं एकेक. पैसे देते."

फळवाल्यानं तोंड वाकडं करत सुरी काढली. तिच्या आवडीचं निस्तेज सफरचंद आवाज न करता दुभंगलं. गर भुसभुशीत, बियांभोवती तपकिरी. मग तिनंच ओरबाडलेलं चकचकीत परदेशी कापलं, तर रस थेट तिच्या चष्म्यावर.

"हे काय?"

"आपल्याकडचा हंगाम केव्हाच संपला, वहिनी. ही तेव्हापासून शीतगृहात झोपलीयत. ती पार दक्षिणेकडच्या देशातली, तिथं ऋतू उलटे, आत्ता तोडणी चालूय."

"आणि मेण?"

"धुताना सालीचं स्वतःचं मेण जातं, म्हणून वरून लावतात. खायचंच असतं ते. नको तर सोला."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलंत कुठं? नखंच चालवत होतात."

तिला स्वतःचाच राग आला. मेण बघत बसली आणि वय बघायचं राहिलं. परदेशीचा भाव दुप्पट होता. किलोभर भुसा नेण्यापेक्षा तिनं त्याच पेटीतली दोनच घेतली. हातात जड लागणारी, दाबल्यावर न दबणारी.

घरी साल काढून फोडी केल्या. सासऱ्यांनी कवळी बसवली, फोड तोंडात टाकली. कर्रर्र! शेजारीण म्हणे दार उघडून बघून गेली, कुणाचं खाट-कपाट मोडलं म्हणून.

सुनेचा जीव भांड्यात पडला. सासऱ्यांनी शेवटची फोडही संपवली. मग म्हणाले, "साल कशाला काढलीस? तिचाच आवाज खरा."

तिनं रिकामी बशी उचलली.

"आणि रोज एक आणत जा."

सुनेनं उरलेलं सफरचंद धुतलं, पुसलं आणि उद्यापर्यंत सासऱ्यांना दिसू नये म्हणून फ्रीजमध्ये पार मागं, भांड्याआड ठेवलं.