आठच चांदण्या

रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात लागून तिला जेमतेम एकवीस दिवस झाले होते. आवाज बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. त्या सकाळी नेमके साहेब रजेवर होते, त्यामुळे विभाग म्हणजे चिमणी आणि चिमणी म्हणजे विभाग! दहा वाजता प्रयोगशाळेतून फोन आला आणि ती दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर धावली.

"आलीस? तुझ्या त्या पोस्टरनं घात केला माझा!" काकू कडाडल्या. काकू म्हणजे प्रयोगशाळेतल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ. सुई टोचताना कुणाला रडू न देणाऱ्या, आज स्वतःच रडकुंडीला आलेल्या.

पोस्टर समोरच्या भिंतीवर होतं. 'पासवर्ड लांबलचक ठेवा! किमान चौदा अक्षरं!' पहिल्याच आठवड्यात चिमणीनं ते हौसेनं रंगवून मजल्यामजल्यावर चिकटवलं होतं. प्रयोगशाळेचा प्रोग्रॅम तिच्या शाळेच्या पहिल्या दिवसापेक्षाही जुना आहे, त्याला एवढी लांबी चालेल का, हे मात्र तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

"जुन्या पासवर्डची मुदत आज संपली," काकू सांगू लागल्या. "नवा टाकला, शेवटी ते हॅशचं चिन्ह. तर म्हणे, फक्त अक्षरे आणि अंक. बरं बाई, चिन्ह काढलं. सोळा अक्षरं टाकली. 'पासवर्ड बदलला' असं आलं. आणि आता आत जायला तोच टाकला, तर चुकीचा! चार वेळा!"

"चार?" चिमणीनं काकूंचा हात कळफलकावरून बाजूला केला. पाचव्या चुकीला खातं बंद. ते उघडणार प्रोग्रॅम बनवणारी कंपनी, आणि कंपनीनं काकूंना फोनवर सांगितलं होतं, माणूस उद्या येईल.

"उद्या काय करायचंय? अकराला ऑपरेशन आहे वॉर्डातल्या एका आजोबांचं. त्यांच्या रक्ताचा अहवाल आत अडकलाय. मी मंजूर केल्याशिवाय बाहेर पडत नाही. पुन्हा तपासायचं तर दीड तास. म्हणजे आजचं ऑपरेशन गेलं, पुढचा नंबर आठवड्यानं."

दाराच्या काचेतून आजोबांची मुलगी दिसत होती. खुर्ची असून उभी.

"काकू, मी हे सोडवल्याशिवाय खाली जात नाही," चिमणी म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.

"हे घे, पासवर्ड सांगते, तूच बघ."

"नाही! मला सांगायचा नाही. कुणालाच सांगायचा नाही."

"अगं, जीव टांगणीला लागलाय आणि तू नियम काढतेस!"

"काढते."

तिनं पासवर्ड बदलायचा पडदा उघडला. इथे 'नवा पासवर्ड' या चौकटीत काहीही टाइप केलं तरी बटण दाबेपर्यंत काही जतन होत नाही आणि चूकही मोजली जात नाही. तिनं एकच अक्षर सोळा वेळा दाबलं, मोठ्यानं मोजत. पडद्यावर अक्षरांऐवजी चांदण्या उमटल्या. एक, दोन, तीन... आठ. मग बोट दाबतंय, चांदणी उमटतच नाही.

"काकू! आठच!"

लगेच आत जायच्या पडद्यावर, बटण न दाबता, तेच केलं. तिथे सोळाच्या सोळा उमटल्या.

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुमची सोळा अक्षरं घेताना यानं गुपचूप आठ ठेवली, उरलेली टाकून दिली, आणि तोंड वर करून 'बदलला' म्हणाला! आता तुम्ही पूर्ण सोळा टाकता, ते त्याच्या आठांशी जुळणार कसं? पहिली आठच टाका."

"आणि चुकलं तर?"

चिमणीनं घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून बावीस मिनिटं. "तर अहवाल अडकणारच, पण तसाही अडकलाय. टाका."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे काकू पुटपुटत एकेक कळ दाबत होत्या. आठ कळा झाल्या. मग टक् करून बटण.

"उघडलं गं, पोरी!"

अहवाल दोनदा नीट वाचून काकूंनी मंजूर केला, ऑपरेशन विभागाला फोन लावला. दहाच मिनिटांत चाकांची खाट काचेपुढून सरकली. आजोबांची मुलगी त्यांचा हात धरून भराभर चालत होती.

काकूंनी डबा उघडला. "ये, दोन घास खा."

"आधी पासवर्ड बदला. त्यानं ठेवलेली पहिली आठ अक्षरं म्हणजे एखादा साधा शब्द नाहीतर कुणाचं नावच असणार, कुणीही ओळखेल. एखादं लांब वाक्य मनात धरा, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घ्या, मध्ये दोन अंक घुसवा. मोजून आठ."

"छळ आहेस नुसती," म्हणत काकूंनी बदलला, पडद्यावरच्या चांदण्या बोटानं मोजत.

चिमणीनं पोस्टर काढलं आणि त्याच्याच पाठीवर कंपनीला पत्र लिहायला घेतलं: मर्यादा वाढवा, आणि तोवर निदान लांब पासवर्ड कापू नका, सरळ नाही म्हणा.

"बरं, आता तर तो जुना झाला ना?" काकू हसू दाबत म्हणाल्या. "त्या आठांत कोण उरलं होतं, ऐक तरी!"

"नाही म्हणजे नाही!" चिमणीनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मग डब्याकडे हात नेता येईना म्हणून एक काढला.