परवानगी असलेला खोटा कॅमेरा

'सदर पडताळणी खातेदाराने स्वतः केल्याचे आढळते.' हे वाक्य माझं. खाली सहीही माझीच. आमच्या बँकेचं ते पत्र चार घड्या घालून बाईंनी माझ्या टेबलावर ठेवलं होतं, आणि माझा पाय टेबलाखाली काही केल्या थांबत नव्हता.

बाई शिवणकाम करतात. पासष्टीच्या असतील. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत त्या एकट्या राहतात. सोबत मुलगा आला होता. त्याच्या मांडीवर फाइल होती आणि तो दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता. मला असे लोक आवडत नाहीत. खरं म्हणजे मी स्वतः तशीच आहे.

घडलं होतं ते एवढंच. तीन आठवड्यांपूर्वी कुणीतरी बाईंच्या खात्याला नवा फोन जोडला. फोन जोडला की खातं त्याच्या हातात. म्हणून जोडण्याआधी आमची यंत्रणा व्हिडिओवर चेहरा मागते, आणि त्या व्हिडिओत चेहरा याच बाईंचा होता. बाई म्हणत होत्या, मी असलं काही केलेलं नाही. बँक म्हणत होती, तुम्हीच केलंत. आणि मुलगा म्हणत होता, आई, तू विसरलीस.

"साडेचारला डॉक्टरांकडे जायचंय," तो म्हणाला. "स्मृतीचे डॉक्टर आहेत. त्यानंतर आईला माझ्याकडेच नेणार. दुकानाच्या किल्ल्या मी घेतल्यात. एकटं ठेवायचं म्हणजे जिवाला घोर."

"मला काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी हे इतक्यांदा सांगितलं असावं की आता त्यात रागही उरला नव्हता.

मी चिडले. कुणावर, ते मलाच कळेना. तीन वाजले होते. "तुम्ही इथंच बसा," म्हटलं, आणि मुंगीला हाक मारली.

मुंगी म्हणजे आमच्या सुरक्षा टीममधली प्रोग्रामर. यंत्रणेच्या नोंदी ती दाणा दाणा करून वेचते, म्हणून हे नाव पडलं. ती लॅपटॉप घेऊन आली आणि तो व्हिडिओ लावला. मी तो याआधी तीनदा बघितला होता. बाई पहिल्यांदाच बघत होत्या.

पडद्यावर त्याच बाई. तेच डोळे, कपाळावरचा तीळ, सगळं. यंत्रणेचा आवाज आला: डोळे मिटा. त्यांनी मिटले. डावीकडे बघा. बघितलं. हसा. हसल्या. मग पडद्याचे रंग बदलले: लाल, निळा, पांढरा. संपलं.

बाईंचे हात मांडीवर जागच्या जागी राहिले.

"ही मीच आहे," त्या म्हणाल्या. आवाज पार खाली गेला होता. "म्हणजे मी केलं की काय?"

मुलाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा चेहरा समाधानाचा नव्हता, पण सुटल्याचा होता. माझ्या एका सहीने या बाईचा स्वतःवरचा विश्वास हलला होता.

"मावशी, घाई नका करू," मी म्हणाले. "चेहरा तुमचाच आहे. पण चेहरा जुळणं वेगळं आणि माणूस समोर असणं वेगळं. आजकाल एक माणूस कॅमेऱ्यासमोर बसतो आणि सॉफ्टवेअर त्याच क्षणी त्याच्या तोंडावर तुमचं तोंड चढवतं. त्याने डोळे मिटले की तुमचे मिटतात. तो हसला की तुम्ही हसता. तुमचा एखादा फोटो मिळाला तरी पुरतं."

"मग तुमचं ते डोळे मिटा, हसा, कशाला?" मुलाने विचारलं. प्रश्न रास्त होता, म्हणून जास्तच झोंबला.

"छापील फोटो धरणारा त्यात सापडतो. आधीच तयार केलेला व्हिडिओ लावणाराही सापडतो, कारण आम्ही काय सांगू ते त्याला आधी कळत नाही. पण हा जिवंत माणूस असतो. सांगितलं ते करतो. याला पकडायचं तर वेगळा प्रश्न विचारावा लागतो: हा व्हिडिओ खऱ्या कॅमेऱ्यातून आलाय का?"

"आणि आला होता?"

मी मुंगीकडे बघितलं. ती त्या दिवसाच्या नोंदी शोधायला लागली होती.

"थांबा," बाई म्हणाल्या. "ते परत लावा. डावीकडे बघते ते."

मुंगीने लावलं. पडद्यावरच्या बाईंनी मान डावीकडे वळवली. सहज, एका झटक्यात. खांदे जागच्या जागी.

"मला नाही जमत असं," बाई म्हणाल्या.

"आई," मुलगा म्हणाला.

"अरे, नाही जमत मला. चाळीस वर्षं मशिनवर वाकून मान आखडली माझी. बाजूला बघायचं तर सगळं अंग वळवावं लागतं. तुला माहीत आहे की." मग त्या माझ्याकडे वळल्या, आणि खरंच सगळ्या अंगानं वळल्या, खुर्चीसकट. "हे बघा."

आईची मान वळत नाही हे मुलगा लहानपणापासून बघत आला असणार, आणि व्हिडिओ बघताना त्याला ते आठवलं नव्हतं. मलाही कुठं दिसलं होतं? आम्ही तिघंही चेहराच बघत होतो.

"मान त्या माणसाची आहे," मुंगी म्हणाली. "तोंड फक्त मावशींचं. कपाळापासून हनुवटीपर्यंत."

पण एका मानेवर बँक पत्र मागे घेत नाही. आमचे साहेब पहिल्याच वाक्याला म्हणाले असते, त्या दिवशी मोकळी झाली असेल मान. मला कागदावर पुरावा हवा होता, आणि हातात सव्वा तास होता.

"रंगांचा भाग काढ," मी मुंगीला म्हटलं. "एकेक फ्रेम."

आम्ही पडद्याचे रंग दरवेळी वेगळ्या क्रमाने बदलतो. समोर खरा माणूस असेल तर तो उजेड त्याच्या अंगावर पडतो आणि त्याच क्रमाने परत कॅमेऱ्यात येतो. मुंगीने निळ्या रंगाच्या वेळची फ्रेम मोठी केली. कॉलरवर निळा उजेड होता. मानेवर होता. गालावर जेमतेम, तोही दोन-तीन फ्रेम उशिरा. हनुवटीखाली रेघ मारल्यासारखं वरचं वेगळं आणि खालचं वेगळं दिसत होतं.

"मग यंत्रणेने अडवलं का नाही?" मी विचारलं.

"सगळ्या चित्राची मिळून सरासरी काढली गेली," मुंगी म्हणाली. "मान आणि कॉलरमुळे आकडा वर आला. निकाल 'अनिर्णित'. आणि अनिर्णित असेल तर आपण अडवत नाही. तक्रारी येतात म्हणून."

तक्रारी येतात म्हणून. तो नियम मी मीटिंगमध्ये स्वतः मान्य केला होता. उन्हात बसलेल्यांचे, जुन्या कॉम्प्युटरवाल्यांचे निकाल असेच लटकायचे, आणि लोक बँकेला शिव्या घालायचे. हसू येईल, पण तेव्हा मला तो व्यवहारी निर्णय वाटला होता.

"आणि कॅमेरा?"

मुंगीने नोंद उघडली. तिचं बोट एका ओळीवर थांबलं. तिथलं कॅमेऱ्याचं नाव मी ओळखलं आणि खुर्चीतून उठलेच. खिडकीपर्यंत गेले, परत आले, परत गेले.

आमच्या टेस्टिंगवाल्यांना एकच व्हिडिओ दिवसातून शेकडो वेळा चालवावा लागतो. दरवेळी माणूस कुठून आणणार? म्हणून त्यांनी सॉफ्टवेअरचा खोटा कॅमेरा वापरला. कॉम्प्युटरला वाटतं कॅमेरा आहे, आत चालतो व्हिडिओ. आमची यंत्रणा असे कॅमेरे अडवते, आणि अडवायलाच हवेत, कारण बदललेला चेहरा आत ढकलायची तीच वाट. पण मग टेस्टच अडकायला लागल्या. तेव्हा त्या एका कॅमेऱ्याचं नाव 'चालेल' अशा यादीत टाकलं. फक्त टेस्टिंगपुरतं. मागच्या महिन्यात नवी आवृत्ती चढवताना ती यादी तशीच्या तशी खऱ्या यंत्रणेत गेली. मंजुरीचा मेल माझा. मी तो चहा पिता पिता पाठवला होता.

तो खोटा कॅमेरा कुणालाही फुकट मिळतो. चोराने नाव बदलायचीही तसदी घेतली नव्हती. घ्यायची गरजच नव्हती, किल्ली आम्हीच दारावर टांगून ठेवली होती.

"ती यादी आत्ता काढून टाक," मी म्हटलं. "अनिर्णित म्हणजे नापास. कॉम्प्युटरवरून फोन जोडणं बंद. फक्त आपल्या ॲपमधून, जिथे कॅमेऱ्याच्या चित्रावर फोनच डिजिटल सही करतो, म्हणजे मधे खोटा कॅमेरा घुसत नाही. नाव काय, उद्या कुणीही बदलेल. रंगाची तपासणी चेहऱ्याची वेगळी, मानेची वेगळी. आणि डावीकडे बघा म्हणजे थोडंसं नाही, कान दिसेपर्यंत. तिथं हे मुखवटे फाटतात."

"मला कान दाखवता येणार नाही," बाई म्हणाल्या.

मी थांबले. "अंग वळवा मावशी, तेही चालेल. नाहीच जमलं तर शाखेत या. माणूस बघेल." मुंगीने तेही लिहून घेतलं.

पत्र मी तिथंच टाइप केलं. साहेबांना विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर 'आमची चूक' याचं 'तांत्रिक त्रुटी' झालं असतं, आणि तेही उद्या. लिहिलं: पडताळणीच्या वेळी खातेदार कॅमेऱ्यासमोर नव्हत्या. त्यांचा चेहरा दुसऱ्या व्यक्तीवर चढवलेला होता. तो ओळखण्यात बँकेची चूक झाली. आधीचं पत्र रद्द.

बाईंनी ते दोनदा वाचलं, ओळीवर बोट ठेवून.

"आणखी एक लिहा," त्या म्हणाल्या. "मला विसर पडत नाही, असं."

"ते बँकेला लिहिता येत नाही मावशी."

त्यांनी मान हलवली, जेवढी हलते तेवढी. मुलाने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि आईच्या हातात न देता टेबलावर ठेवला, कारण त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं. तिने तो उचलला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. डॉक्टरांना त्याने तिथूनच फोन करून नको म्हणून सांगितलं.

ते गेले. मला वाटलं आता पाय थांबेल. थांबला नाही.

"त्याच कॅमेऱ्यातून अजून अकरा," मुंगी दारात उभी राहून म्हणाली. "महिन्याभरातले. सगळे पास."

"तक्रारी किती जणांच्या?"

"चौघांच्या. चौघांनाही आपलं तेच पत्र गेलंय."

तीच ओळ, तीच सही. त्या चौघांची यादी समोर घेतली आणि पहिला नंबर लावला. निवृत्त टपाल कर्मचारी, वय एकाहत्तर. मी कोण ते सांगितलं आणि म्हणाले, तुमच्या तक्रारीबद्दल फोन केलाय.

"जाऊ द्या हो मॅडम," पलीकडून दमलेला आवाज आला. "मुलीने व्हिडिओ बघितला. मीच आहे म्हणते. केलं असेल मी. आता तीच बघते सगळं. वय झालं, आठवत नाही."

"आजोबा," मी म्हणाले, "तुम्हाला आठवत नाही, कारण ते तुम्ही केलेलंच नाही."

त्यांनी विचारलं, "हे माझ्या मुलीला सांगाल का?"

मी म्हटलं, फोन द्या त्यांच्याकडे.