आपोआप वाढणारी मुदत

वैभवला गप्प राहायची सवयच होती. नागपूरच्या कळमना मार्केटात दिवसभर ओरडून माल विकणारा हा माणूस घरी आला की तोंडाला कुलूप लावायचा. दिवाळीत भांडून ऋतुजा माहेरी, उमरेडला गेली, तेव्हाही त्याने फोन केला नाही. राग उतरला की येईल, असं त्याने स्वतःशीच ठरवून टाकलं.

धरमपेठेतलं त्यांचं घर अरुंधतीकाकूंच्या मालकीचं. अकरा महिन्यांचा करार दोघांच्या नावावर होता. त्यात एक कलम होतं: करारातल्या कुणीही महिनाभर आधी लेखी नकार दिला नाही, तर मुदत आपोआप अकरा महिने वाढेल आणि भाडं पाच टक्क्यांनी. चौदा हजारांचे चौदा हजार सातशे. नकार आला, तर नवा करार आणि त्या दिवशीचा बाजारभाव.

नकाराची तारीख उलटली. काकू काही बोलल्या नाहीत, आणि वैभवला आभाळ ठेंगणं झालं. मुदत वाढली तरी नोंदणी पुन्हा करावी लागते आणि अंगठा दोघांनाही द्यावा लागतो. म्हणजे ऋतुजाला यावंच लागणार! त्याने चादरी धुतल्या, तिला आवडते म्हणून संत्रा बर्फी आणली आणि खाली काकूंकडे गेला.

"काकू, नोंदणीवाल्याले कधी बोलावता? ऋतुजाले सांगा लागन."

काकू गोंधळल्या. "अरे, तिचा नकार तर मला केव्हाच आला. ईमेलवर. महिन्याहून जास्त झाला. मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय."

"मले तं काहीच नाही बोलली. काहून पण?"

"इतकंच लिहिलंय, की पुढचे अकरा महिने मला नकोत."

वैभव मटकन पायरीवर बसला. तो गप्प राहिला म्हणून सगळं चालू राहणार होतं, आणि तिने मात्र रीतसर, वेळेत नाही म्हटलं होतं.

"आता नवाच करार करावा लागेल," काकू हळूच म्हणाल्या. "इथे अठरा चाललंय. तू सतरा दे. आणि परवडत नसेल तर तसं सांग, बाबा."

त्याने होकार दिला. तिने लावलेल्या कुंड्या याच घराच्या गच्चीवर होत्या. त्या सोडून तो कुठे जाणार होता?

रविवारी नोंदणीवाला लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. "भाडेकरू दोन टाकू ना, मागच्यासारखे?"

"एकच," वैभव म्हणाला. हा शब्द उच्चारताना त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलंही नाही.

नोंदणीवाला खाली मान घालून टाइप करत राहिला. "मुदतीचं कलम आहे तसंच ठेवू? कुणी काही बोललं नाही, तर आपोआप वाढेल."

"नाही गा, ते काढून टाक," वैभव म्हणाला आणि काकूंकडे वळला. "पुढच्या वेळी मले विचारा. मीबी विचारीन."

मग त्याने यंत्रावर अंगठा ठेवला. बर्फीचा डबा तसाच बंद होता.